'ताप रेझ झाला' आणि 'बेडवर लेइंग आहे': ले-लाय, रेझ-राइझमधल्या या चुका टाळा

आमच्या टीममधल्या एका पोराने मागे सिक लीव्हचा मेल टाकला होता. वाक्यं जशीच्या तशी, फक्त देवनागरीत लिहिते: "माय फीव्हर रेझ्ड लास्ट नाइट. आय लेड इन बेड ऑल डे यस्टरडे अँड आय अ‍ॅम स्टिल लेइंग डाउन. अ न्यू प्रॉब्लेम हॅज रेझ्ड इन द सर्व्हर, प्लीज राइझ अ तिकीट." पोरगं हुशार, इंग्लिश मीडियमचं, आणि चार ओळींत पाच चुका. गंमत म्हणजे पाचही चुका एकाच जागी होतात. या क्रियापदाला कर्म आहे की नाही, हे त्याने बघितलंच नाही.

शाळेत सकर्मक-अकर्मक शिकलोय आपण सगळे, पण तो धडा मार्कांपुरता. इंग्लिशमध्ये मात्र ही जोडी रोज आडवी येते. 'ले' म्हणजे कशाला तरी ठेवणं, आडवं करणं, म्हणजे कर्म लागणारच. 'लाय' म्हणजे स्वतः आडवं होणं, पडून असणं, इथे कर्म नाही. तसंच 'रेझ' म्हणजे काहीतरी वर करणं, वाढवणं, आणि 'राइझ' म्हणजे आपणहून वर जाणं, वाढणं. आता हे चार शब्द मोठ्याने म्हणून बघा. कर्मवाल्या दोघांत 'ए'चा आवाज आहे, ले आणि रेझ, आणि बिनकर्माच्या दोघांत 'आय'चा, लाय आणि राइझ. मला तरी पाठांतरापेक्षा हा आवाजच उपयोगी पडलाय.

घोळ मराठीतूनच येतो

आपण ऑफिसात बोलतो कसं? "इश्यू रेझ कर", "इश्यू रेझ झाला". म्हणजे इंग्लिश शब्द एकच, आणि कर्म आहे की नाही हे सांगायचं काम आपलं 'करणे' आणि 'होणे' करतं. बोलताना काहीच अडत नाही. पण मेल लिहिताना 'झाला' गळून पडतो आणि हातात उरतो नुसता 'रेझ्ड', मग तो ताप असो, भाव असो की प्रॉब्लेम. म्हणून लिहिण्याआधी वाक्य शुद्ध मराठीत मनात म्हणा, अर्धं इंग्लिश अर्धं मराठी नको. ताप वाढला की ताप वाढवला? पोरगं पडलं की पोराला पाडलं? मराठीत ही जोडी आपण कधीच चुकत नाही, पडणे-पाडणे, मरणे-मारणे, उठणे-उठवणे, अगदी तीन वर्षांचं लेकरूसुद्धा "मी नाही पाडलं, ते पडलं" असं बरोब्बर सांगतं. आणि इंग्लिशमधल्या या जोड्याही मुळात पडणे-पाडणेसारख्याच, आतला स्वर बदलून झालेल्या, 'ले' म्हणजे 'लाय करायला लावणं', जसं पाडणे म्हणजे पडायला लावणं.

अजून एक खात्रीची टेस्ट आहे, 'ने'ची. वाक्य भूतकाळात आणि 'तो' वापरून म्हणा. "तो झोपला", "तो उठला", 'ने' नाही, म्हणजे लाय आणि राइझ. "त्याने पुस्तक ठेवलं", "त्याने हात वर केला", 'ने' आला, म्हणजे ले आणि रेझ. मात्र 'मी' घेऊन करू नका, "मी झोपलो" आणि "मी ठेवलं" दोन्हीत 'मी'च राहतो, काही कळत नाही. आणि ही टेस्ट याच क्रियापदांपुरती ठेवा, "तो धडा शिकला" यात कर्म असूनही 'ने' येत नाही, त्यामुळे सगळ्या इंग्लिशला लावत बसलात तर फसाल.

आता तो मेल दुरुस्त करू. ताप आपणहून वाढला, म्हणून "माय फीव्हर रोझ". प्रॉब्लेम आपणहून उभा राहिला, म्हणून "हॅज रिझन" हवं असं वाटेल, पण प्रॉब्लेमसाठी इंग्लिशमध्ये 'अराइझ' वापरतात, म्हणून "हॅज अरिझन". तिकीट मात्र कुणीतरी टाकायचंय, कर्म समोर दिसतंय, म्हणून "प्लीज रेझ अ तिकीट". इथे तर बिचाऱ्याने उलटीच चूक केली होती. आणि अजून पडूनच आहे तर "आय अ‍ॅम स्टिल लाइंग डाउन". लेइंग म्हटलं की वाचणारा विचारणार, काय ठेवतोयस? लाइंगचा अर्थ खोटं बोलणं असाही होतो म्हणून बरेच जण मुद्दाम लेइंग लिहितात, पण डाउन किंवा इन बेड पुढे असलं की कुणाचाही गैरसमज होत नाही.

खरा खड्डा: कालचं 'लाय'

राहिलं "आय लेड इन बेड". इथे कर्माचा नियम पाठ असलेले पण पडतात, कारण इंग्लिशने इथे दगाच दिलाय. 'लाय'चा भूतकाळ आहे 'ले'! म्हणजे "काल मी दिवसभर पडून होतो" हे "आय ले इन बेड ऑल डे यस्टरडे", आणि दिसायला ते हुबेहूब कर्मवाल्या 'ले'सारखं. कर्मवाल्या 'ले'चा भूतकाळ 'लेड', स्पेलिंग एल-ए-आय-डी, वाय घालून लिहू नका. त्यामुळे वाक्यात 'ले' दिसला की आधी काळ बघायचा. आज ठेवतोय की काल पडलेला? 'लाय'चं तिसरं रूप 'लेन', एल-ए-आय-एन, ते ऐकायला इतकं पुस्तकी वाटतं की मी ते टाळतेच, "आय हॅव बीन लाइंग हिअर" म्हटलं की काम होतं. खोटं बोलण्याचं 'लाय' हे वेगळंच क्रियापद, त्याचा भूतकाळ 'लाइड', त्याला यात आणू नका. आणि हो, अमेरिकेत, इंग्लंडमध्येही लोक बोलताना सर्रास 'लेइंग' म्हणतात, पण रिपोर्टमध्ये किंवा जॉबच्या अर्जात ती चूकच धरतात.

एक शंका हमखास येते. कोनशिलेवर "फाउंडेशन स्टोन वॉज लेड बाय अमुक तमुक" असतं, तिथे 'लेड'च्या पुढे कर्म कुठंय? कर्म सुरुवातीला आलंय, दगडच. कुणीतरी बसवला, तो आपणहून जाऊन बसला नाही. 'वॉज' लावून असं उलटं वाक्य कर्मवाल्या क्रियापदाचंच होतं, म्हणून "वॉज लेड", "वॉज रेझ्ड" चालतं, "वॉज रिझन" नाही. मराठीतलं 'झालं' इथेही फसवतं. "तिकीट रेझ झालं का?" यात कुणीतरी केलेलं आहे, फक्त नाव नाही, म्हणून "हॅज द तिकीट बीन रेझ्ड?" फी वाढली, यात तर दोन्ही चालतं, "फीज रोझ" किंवा "फीज वेअर रेझ्ड", फक्त दुसऱ्यात कुणीतरी वाढवली असा बोट दाखवल्याचा सूर येतो. "फीज रेझ्ड" एवढंच लिहून थांबलात तर मात्र अर्धवट.

पगाराचंही तेच, "माय सॅलरी रेझ्ड" नाही, "वॉज रेझ्ड" किंवा "रोझ". फक्त पगारवाढ हे नाम म्हणून वापरताना अमेरिकन बॉसला 'रेझ' मागा आणि ब्रिटिश बॉसला 'राइझ', तिथे कर्माचा काही संबंध नाही.