डेटा एंट्रीवाल्या पोट्ट्याचं काम मोजायची माझी चूक

यवतमाळकडं कापूस खरेदीच्या काटापावत्या आमचा पोट्टा भरते, अन् मी रोज सकाळच्या पहिल्या वीसच तपासायचो, त्या बराबरच निघत कारण तेव्हा डोकं ताजं असते न भाऊ. मग एक ते दहामधला कोणताबी आकडा निघावा म्हणून शीटमधी =RANDBETWEEN(1,10) टाकलं, 7 आला, म्हणून 7, 17, 27 अशी दर दहावी पावती काढली, 240 मधून 24. पावतीत पाच रकाने, म्हणजे 120, त्यात 3 चुका, अचूकता 97.5 टक्के. एक नावाची वेलांटी, पण दोन वजनाच्या, 12.45 क्विंटलचं 14.25, दोन्ही दुपारी तीननंतरच्या, म्हणून त्या वेगळ्या लिहितो, तिथं शेतकऱ्याचा पैसा हाय. स्पीड तासाला किती पावत्या तेच, लाईट गेलेला वेळ वजा करून. 24 पावत्यांवर एका दिवसाचा शिक्का मारत नाही, आठवड्याच्या जोडूनच बोलतो.