आधी बाटली, मग दप्तर: पहिलीत जाणाऱ्या मुलाच्या खरेदीची तयारी

इंदुरात राजवाड्याकडे खरेदीला निघण्याआधी घरी एक काम उरकून घ्या: मुलाला काट्यावर उभं करा. २०२० च्या राष्ट्रीय दप्तर धोरणानुसार पहिलीपासून पुढे दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आत असावं. पहिली-दुसरीसाठी ते १.६ ते २.२ किलो धरलं आहे, आणि बालवाडीला तर दप्तरच नको असं म्हटलं आहे. मुलगी २० किलोची असेल तर तिच्या पाठीवर जास्तीत जास्त २ किलो. हा आकडा कागदावर लिहून पाकिटात ठेवा, कारण दुकानात गेल्यावर मुलगी कार्टून बघणार आणि तुम्ही किंमत.

आता त्या २ किलोंचा हिशोब मांडू. सहसा काय घेतलं जातं? पुष्कळ कप्प्यांचं साधारण ६५० ग्रॅमचं दप्तर, अर्ध्या लिटरची दुहेरी भिंतीची थर्मास-बाटली आणि स्टीलचा डबा. रिकामी बाटलीच २९० ग्रॅमच्या आसपास भरते, वर ५०० ग्रॅम पाणी, म्हणजे ७९०. पोळी-भाजीसकट डबा ४०० धरा. बेरीज १,८४० झाली, म्हणजे वह्या-पुस्तकांना उरले १६० ग्रॅम. एवढ्यात एखादी पातळ वहीच बसते. तेच ४०० ग्रॅमचं साधं दप्तर, ३५० मिलीची हलकी बाटली (पाण्यासकट ४५० च्या आसपास) आणि ३०० ग्रॅमचा डबा घेतला तर ८५० ग्रॅम शिल्लक राहतात. दोन खरेद्यांमधला सगळ्यात मोठा फरक बाटलीनं पाडला, म्हणून बाटली आधी ठरवायची आणि उरलेल्या वजनात दप्तर बसवायचं.

बाटली केवढी हवी याचं उत्तर शाळेकडे आहे. वर्गाजवळ स्वच्छ पाण्याचा नळ आहे का, आणि मधल्या सुट्टीत बाटली भरू देतात का, हे ताईंना विचारून घ्या. शाळेनं पिण्याचं पाणी पुरेसं द्यावं, म्हणजे मुलांना बाटली वाहावी लागणार नाही, असं त्याच धोरणात लिहिलं आहे. नळ असेल तर ३५० मिली पुरते. नसेल, आणि आपल्याकडचा एप्रिलचा उन्हाळा असेल, तर अर्धा लिटर घ्या. पण मग एकेरी भिंतीची स्टीलची घ्या, ती थर्मासच्या साधारण निम्म्या वजनाची असते. पाणी कोमट होईल, होऊ द्या. पहिलीच्या मुलाला गारेगार पाण्यापेक्षा हलकी बाटली जास्त उपयोगाची, असं माझं स्पष्ट मत आहे.

स्टील घ्यायचं ठरलं तर बर्तन बाजारात एक वाक्य हमखास कानावर येईल, "भिया, चुंबक लगा के देख लो, असली है." चुंबकाच्या या परीक्षेवर भिस्त ठेवू नका. ३०४ हे खाण्यापिण्याच्या भांड्यांचं चांगलं स्टील. २०२ मध्ये निकेल कमी आणि मँगनीज जास्त, त्यामुळे ते स्वस्त पडतं आणि गंज लवकर धरतं. पण चुंबक दोघांनाही जवळजवळ चिकटत नाही, मग त्यावरून फरक कळणार कसा? त्यापेक्षा बाटलीच्या तळाशी किंवा खोक्यावर आयएसआयचं चिन्ह शोधा. चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक असतो आणि खाली CM/L ने सुरू होणारा परवाना क्रमांक. दुकानात उभ्या उभ्या फोनवर BIS Care हे ॲप उघडून तो क्रमांक टाकला की परवाना कुणाचा आणि कोणत्या वस्तूचा ते दिसतं. ॲपमध्ये वेगळंच नाव आलं तर बाटली परत ठेवायची.

प्लॅस्टिकची घ्यायची असेल तर ती उलटी करून तळाचा त्रिकोण बघा. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. मुलांच्या बाटलीसाठी माझी पहिली पसंती तीच, दिसायला दुधट, हलकी, आणि पडली तरी सहसा फुटत नाही. २ सुद्धा चालेल. १ म्हणजे कोल्ड्रिंकच्या बाटलीचं प्लॅस्टिक. ते एकदा वापरून टाकण्यासाठी असतं, रोज घासून आणि गरम पाण्यानं धुऊन वर्षभर चालवण्यासाठी नाही. ३ आणि ६ नकोतच. खरी गफलत ७ मध्ये होते, कारण ७ म्हणजे फक्त "इतर". जुनं, काचेसारखं कडक पॉलिकार्बोनेट त्यातच येतं, आणि बीपीए हे रसायन त्यातूनच पाण्यात उतरतं; ट्रायटनसारखं बीपीए नसलेलं प्लॅस्टिकही ७ च. तेव्हा ७ दिसलं तर प्लॅस्टिकचं नाव लिहिलेलं हवं. उलट, ५ वाल्या बाटलीवर "बीपीए-फ्री" असं मोठ्या अक्षरांत छापलं म्हणून जास्त पैसे मोजू नका, कारण पॉलिप्रॉपिलीनमध्ये बीपीए लागतच नाही. आणखी एक मर्यादा: त्रिकोणातला आकडा प्लॅस्टिकची जात सांगतो, ते अन्नासाठी योग्य आहे की नाही ते सांगत नाही. त्यासाठी पेला आणि काट्याचं चित्र किंवा "फूड ग्रेड" असा शिक्का वेगळा बघावा लागतो.

तांब्याची आणि ॲल्युमिनियमची बाटली शाळेसाठी नकोच. एखाद्या दिवशी आजी त्यात कैरीचं पन्हं भरून देणार, आणि आंबट पदार्थात धातू उतरतो. झाकणावर तापमान दाखवणारा दिवा असलेल्या बाटल्याही लहानांसाठी टाळा. आत बटणासारखा सेल असतो, आणि तो गिळला गेला तर अन्ननलिका जाळतो.

पैसे देण्यापूर्वी झाकण मुलाच्याच हातात द्या. त्याला उघडता आणि घट्ट लावता आलं नाही तर बाकी सगळं चांगलं असून उपयोग नाही. स्ट्रॉची बाटली मुलांना आवडते, पण ती नळी बारीक ब्रशनं रोज घासावी लागते. सकाळच्या घाईत ते होणार नसेल तर सरळ तोंडाची घ्या. झाकणातली रबरी रिंग निघते का हेही बघा. काळी बुरशी तिच्याखालीच धरते.

दप्तरासाठी आता वजन किती उरलं ते माहीत आहे, म्हणून आधी रिकामं दप्तर तोलायला लावा. दुकानात काटा नसेल तर दोन दप्तरं दोन हातांत धरून बघा, जड कुठलं ते कळतंच. मग नाकाजवळ न्या. चकचकीत चित्र आणि नव्या रेक्झिनसारखा उग्र वास म्हणजे बहुधा पीव्हीसी, आणि ते मऊ राहावं म्हणून त्यात थॅलेट नावाची रसायनं घातलेली असू शकतात. आतलं अस्तर जाड, रबरासारखं आणि बोटाला चिकट लागलं तर तीच खूण. साधं पॉलिस्टर कापड, आत पातळ लेप आणि बिनवासाचं, असं घ्या. मग ते मुलाच्या पाठीवर चढवा: रुंदी खांद्यांच्या आत, खालची कड कमरेच्या फार खाली नको, पट्टे तीन-चार बोटं रुंद आणि मऊ. पट्टा वर शिवलाय तिथे जोरात ओढा, टाके उघडताना दिसले तर नको. चाकांचं दप्तर मागितलं तरी देऊ नका. रिकामंच जड असतं, आणि जिन्यावर मुलांना इजा होते म्हणून धोरणानंही ते नाकारलं आहे.

घरी आल्यावर बाटलीत कोमट पाणी भरून अर्ध्या तासानं वास घ्या, मग रात्रभर वर्तमानपत्रावर उलटी ठेवा. प्लॅस्टिकचा वास आला किंवा कागद ओला झाला तर बदलून आणता यावी म्हणून बिल तोवर जपून ठेवा. शाळा सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात एक दिवस भरलेलं दप्तर पुन्हा तोला, आणि २ किलोच्या वर गेलं तर त्या दिवशीचं वेळापत्रक घेऊन ताईंना भेटा.