आई-वडील बेशुद्ध असताना क्लेम करताय? या चुका टाळा

मी रुग्णालयाच्या विमा डेस्कवर बसते. आई किंवा वडील आयसीयूत बेशुद्ध असतात, मुलं फॉर्म घेऊन समोर उभी असतात आणि चुका त्याच त्याच होतात.

सगळ्यात घातक चूक म्हणजे बेशुद्ध माणसाचा अंगठा उठवणं. एका घरातले वडील व्हेंटिलेटरवर होते. मुलाने भेटीच्या वेळेत शाईचा पॅड आत नेला, फॉर्मवर अंगठा घेतला आणि खाली त्याच दिवसाची तारीख टाकली. कंपनीने आयसीयूच्या रोजच्या नोंदी मागवल्या. त्या तारखेला लिहिलेलं होतं, 'हाकेला प्रतिसाद नाही'. क्लेम चौकशीत गेला. आजार खरा, बिलं खरी, पण त्या अंगठ्याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. मुलाने लेखी खुलासा देऊन स्वतःच्या सहीने नवा फॉर्म भरला, तेव्हा फाइल हलली. दोन मिनिटं वाचवायला जाणाऱ्यांचं मला खरंच वाईट वाटतं.

सही स्वतःच्याच नावाने करा. खाली लिहा, 'विमाधारक बेशुद्ध असल्यामुळे मुलगा या नात्याने सही', आणि तारीख टाका. सोबत उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं पत्र जोडा: रुग्ण कोणत्या तारखेपासून बेशुद्ध आहे, सही करू शकत नाही, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आणि शिक्का. नात्याचा पुरावा आणि तुमचं ओळखपत्रही द्या. हे पत्र मी पहिल्याच दिवशी मागून घेते, कारण डिस्चार्जच्या गडबडीत ते कुणी देत नाही. फॉर्ममध्ये रुग्णालयाचे कागद पाहायची परवानगीही असते, तीही याच सहीने द्यायची.

त्याआधी पॉलिसी कुणाच्या नावावर आहे ते बघा. तुम्ही घेतलेल्या पॉलिसीत आई-वडील असतील, तर सही तुमचीच लागते आणि प्रश्न तिथेच मिटतो. अडचण येते ती पॉलिसी वडिलांच्याच नावावर असली की.

'माझ्याकडे मुखत्यारपत्र आहे' म्हणून निर्धास्त राहू नका. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २०१ नुसार मुखत्यारपत्र देणाऱ्याचं भान हरपलं की दिलेला अधिकार संपतो. ते जोडायचं तर जोडा, पण डॉक्टरांच्या पत्राची जागा ते घेत नाही.

नॉमिनीला हक्क मिळतो तो मृत्यूनंतर, तोवर नाही.

शक्य असेल तर कॅशलेसच करा. पैसे थेट रुग्णालयाला जातात, त्यामुळे अधिकाराचा प्रश्न फारसा निघत नाही. बिल भरून नंतर परतावा मागायचा असेल, तर पैसे वडिलांच्याच खात्यात मागा. मुलं उतावीळपणे स्वतःचा रद्द केलेला चेक जोडतात आणि मग कंपनी हमीपत्र, भावंडांची संमती, प्रतिज्ञापत्र मागू लागते. रक्कम मोठी असेल आणि भावंडांत वाद असेल, तर रुग्णाचा कायदेशीर पालक नेमल्याचा न्यायालयाचा आदेशही मागितला जाऊ शकतो. कोमातल्या रुग्णासाठी असा पालक नेमायचा अर्ज उच्च न्यायालयात करतात. त्याला वेळ लागतो, म्हणून कंपनीने लेखी मागणी केली की त्याच आठवड्यात वकील गाठा.