आधी फाइल, मग लॅपटॉप

ताईचा पीएचडीचा प्रबंध, यंत्रमाग कामगारांच्या शंभरावर मुलाखती, सगळं एकाच जुन्या लॅपटॉपवर. रविवारी तो `Automatic Repair` वरच अडकला. नवी पेठेतला दुकानदार म्हणाला, "फॉरमॅट मारून देतो, तासाभरात चालू." मी लॅपटॉप उचलून घरी आणला. विंडोज पुन्हा टाकताना जुन्या फाइलींच्या जागेवर नवीन लिहिलं जातं, आणि मग त्या सहसा परत येत नाहीत.

बंद करण्याआधी कान लावून ऐकलं. हार्ड डिस्क एकसारखी घूं-घूं करत होती. टकटक आली असती तर पुन्हा चालूच केला नसता, थेट डेटा रिकव्हरीवाल्याकडे नेला असता. तशी डिस्क प्रत्येक वेळी फिरताना आणखी बिघडू शकते.

मग बॅटरी काढली, मागचे स्क्रू खोलले, अडीच इंची डिस्क यूएसबी केसिंगमध्ये घालून भावजींच्या लॅपटॉपला जोडली. डिस्क फॉरमॅट करायची का असं विचारलं, तिथे `Cancel` दाबलं. त्याच डिस्कच्या दुसऱ्या ड्राइव्हवर फोल्डर दिसले. सगळ्यात आधी फक्त प्रबंधाचा फोल्डर कॉपी केला, फोटो नंतर. ताईने शेवटचं प्रकरण उघडून पाहिलं, तेव्हा कुठे ती जेवली.

नव्या लॅपटॉपमध्ये डिस्कला कुलूप लावणारं बिटलॉकर असेल तर ते उघडायला रिकव्हरी की लागते. बहुधा ती मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते.