फेल गेलेल्या प्रोजेक्टची केस स्टडी आली की नॉलेज एरिया लावून उत्तर कसं लिहायचं

प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या असाइनमेंटमध्ये हा प्रश्न दर वर्षी कुठल्या ना कुठल्या रूपात येतोच. एक बुडालेला प्रोजेक्ट देतात आणि सांगतात की पीएमबॉकच्या नॉलेज एरिया वापरून विश्लेषण करा. मी गेली काही वर्षं असे पेपर तपासते आणि बहुतेक उत्तरं एकाच ठिकाणी अडकतात. दहा एरियांची दहा हेडिंग्ज टाकलेली असतात, प्रत्येकाखाली चार ओळी, त्यातल्या पहिल्या दोन व्याख्या आणि उरलेल्या दोन म्हणजे 'इथे प्लॅनिंग नीट झालं नव्हतं'. मार्क पन्नास टक्क्यांच्या आसपास थांबतात आणि मुलांना कळतच नाही की एवढं लिहूनसुद्धा कमी का पडलं.

म्हणून इथे एक केस हातात घेऊन करून दाखवते, डेन्व्हर विमानतळाची ऑटोमॅटिक बॅगेज सिस्टिम. ही केस बऱ्याच कोर्सला असते, आणि तुमची केस वेगळी असली तरी काम ह्याच क्रमाने करायचं.

आधी एडिशन बघा

हे दोन मिनिटांचं काम आहे पण चुकलं तर सगळंच चुकतं. 2017 च्या सहाव्या एडिशनमध्ये दहा नॉलेज एरिया आहेत: इंटिग्रेशन, स्कोप, शेड्यूल, कॉस्ट, क्वालिटी, रिसोर्स, कम्युनिकेशन्स, रिस्क, प्रोक्युअरमेंट आणि स्टेकहोल्डर. पाचव्या एडिशनमध्ये शेड्यूलला टाइम आणि रिसोर्सला ह्युमन रिसोर्स म्हणायचे. 2021 च्या सातव्यात मात्र रचनाच बदलली, तिथे बारा तत्त्वं आणि आठ परफॉर्मन्स डोमेन आहेत. प्रश्नात 'नॉलेज एरिया' लिहिलंय म्हणजे सहसा पाचवी किंवा सहावी एडिशन अपेक्षित असते, तरी सरांना किंवा मॅडमना एकदा विचारून घ्या आणि पहिल्याच परिच्छेदात कुठली एडिशन वापरताय ते लिहा.

मग टाइमलाइन काढा, एरियांची नावं अजून नको

एक कोरा कागद घ्या आणि केसमधल्या घटना फक्त तारखेने लिहीत जा. डेन्व्हरची साधारण अशी निघते. विमानतळाचं बांधकाम 1989 मध्ये सुरू झालं. 1990 मध्ये शहराने नेमलेल्या एका सल्लागार कंपनीने सांगितलं की अख्ख्या विमानतळासाठी एकच ऑटोमॅटिक सिस्टिम फार गुंतागुंतीची होईल. युनायटेड एअरलाइन्सने आपल्या बी कॉनकोर्सपुरतं, म्हणजे त्यांची विमानं लागतात त्या इमारतीपुरतं, बीएई ऑटोमेटेड सिस्टिम्स ह्या कंपनीशी बोलणं केलं. शहराने पूर्ण विमानतळासाठी निविदा मागवल्या तर तीनच आल्या, आणि त्यातली एकही उद्घाटनाच्या मुदतीत बसत नव्हती. शेवटी 1992 मध्ये शहराने बीएईलाच पूर्ण विमानतळाचं काम दिलं, करार 19.3 कोटी डॉलरचा, म्हणजे बांधकाम सुरू होऊन दोन वर्षं उलटून गेल्यावर. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ह्या कामाच्या पाठीशी उभे असलेले मुख्य अभियंता वॉल्टर स्लिंगर वारले. उद्घाटन 31 ऑक्टोबर 1993 ला होतं, ते आधी डिसेंबरमध्ये गेलं, मग मार्च 1994 मध्ये, मग मे 1994 मध्ये, आणि मग बेमुदत पुढे. मधे पत्रकारांना बोलावून सिस्टिम चालवून दाखवली तर बॅगा गाड्यांमधून खाली पडल्या, फाटल्या, कपडे रुळांवर पसरले. विमानतळ अखेर 28 फेब्रुवारी 1995 ला उघडला, तोही शेजारी साधी पट्टे-आणि-ट्रॅक्टरवाली सिस्टिम वेगळे पैसे घालून बसवून. ऑटोमॅटिक सिस्टिम फक्त युनायटेडपुरती चालली, आणि 2005 मध्ये त्यांनीही ती बंद केली.

एवढं कागदावर आलं की प्रत्येक ओळीसमोर दोनच अक्षरांपैकी एक लिहा, 'का' म्हणजे कारण आणि 'प' म्हणजे परिणाम. बॅगा फाटल्या हा परिणाम. उद्घाटन चार वेळा पुढे गेलं हाही परिणाम. निविदा मुदतीत बसत नसताना काम दिलं हे कारण. मुलं सगळ्यात जास्त लिहितात ते परिणामांवर, कारण केसमध्ये तेच रंगवून दिलेलं असतं, आणि मग क्वालिटीखाली 'बॅगा फाटल्या म्हणून क्वालिटी खराब होती' असं वाक्य येतं. हे विश्लेषण नाही, बातमी आहे.

आता एरिया निवडा, पण तीन किंवा चारच खोलात

दहाही एरिया समान लिहायच्या असं प्रश्नात स्पष्ट म्हटलं नसेल तर लिहू नका. 'का' अक्षर जिथे आहे त्या ओळी कुठल्या एरियात पडतात ते बघा. डेन्व्हरमध्ये माझ्या मते इंटिग्रेशन, शेड्यूल, रिस्क आणि स्टेकहोल्डर ह्या चार एरिया मुळाशी आहेत. बाकीच्या सहा एका छोट्या तक्त्यात एकदोन ओळींत संपवा आणि त्या का मागे ठेवल्या हे एका वाक्यात सांगा. ते एक वाक्य तपासणाऱ्याला दाखवतं की तुम्ही विचार करून निवड केलीय.

इथे एक अडचण नक्की येते. एकच घटना तीन-चार एरियांमध्ये बसते. डेन्व्हरचंच बघा, बीएईने काम घेताना अट घातली होती की अमुक तारखेनंतर डिझाइनमध्ये बदल नाही, पण नंतर एअरलाइन्सनी बदल मागितले, स्कीच्या सामानाची आणि मोठ्या बॅगांची सोय वगैरे, आणि ते स्वीकारले गेले. हे स्कोपमध्ये टाकायचं की स्टेकहोल्डरमध्ये की इंटिग्रेशनमध्ये? स्वतःला असं विचारा की नेमकी कुठली प्रोसेस झाली असती तर हे थांबलं असतं. बदल मागणं हे चूक नाही, एअरलाइन्सना तर शेवटी ती सिस्टिम वापरायची होती. चूक ही की प्रत्येक बदलाचा वेळेवर आणि पैशावर काय परिणाम होईल हे मोजून मगच हो म्हणणारं कोणी नव्हतं, आणि ती प्रोसेस इंटिग्रेशनमधली, इंटिग्रेटेड चेंज कंट्रोल. मग मुख्य चर्चा तिथे करा. आणि एअरलाइन्सना सुरुवातीच्या चर्चेत पुरेसं घेतलंच नव्हतं, म्हणून त्यांच्या गरजा उशिरा आल्या, हा वेगळा मुद्दा स्टेकहोल्डरखाली घ्या. एकच वाक्य दोन्हीकडे फिरवून लिहू नका, तपासणाऱ्याला ते लगेच दिसतं.

एक परिच्छेद कसा दिसतो ते बघा

शेड्यूलचा परिच्छेद मुलं साधारण असा लिहितात: 'प्रोजेक्टचं शेड्यूल अवास्तव होतं. योग्य शेड्यूल मॅनेजमेंट केलं असतं तर विलंब टळला असता.' आता डेन्व्हर हे नाव झाका आणि वाचा, हेच वाक्य एखाद्या पुलाला, मेट्रोला, सॉफ्टवेअरलाही चालतं. ज्या वाक्याला हे चालतं ते खोडायचं.

त्याऐवजी असं:

'शेड्यूलमध्ये मूळ दोष एस्टिमेट ॲक्टिव्हिटी ड्युरेशन्स ह्या प्रोसेसमध्ये दिसतो. कामाचा कालावधी कामावरून काढलेला नाही, आधीच ठरलेल्या उद्घाटनाच्या तारखेपासून मागे मोजलेला आहे. ह्याला केसमध्ये दोन पुरावे आहेत: आलेल्या तीनही निविदा मुदतीत बसत नव्हत्या, आणि म्युनिकच्या विमानतळाने ह्याहून साधी सिस्टिम उघडण्याआधी सहा महिने चोवीस तास चालवून पाहिली होती. तरीही 31 ऑक्टोबर 1993 ही तारीख कायम ठेवली गेली, त्यामुळे चाचणीसाठी वेळच उरला नाही आणि दोष प्रत्यक्ष प्रात्यक्षिकात उघडे पडले.'

ह्यात चार गोष्टी आहेत आणि त्याच क्रमाने आहेत: प्रोसेसचं नाव, नेमकं काय झालं, केसमधला पुरावा, आणि त्यातून झालेला परिणाम. व्याख्या कुठेच नाही आणि ती लागतही नाही, प्रोसेस बरोबर वापरली की व्याख्या माहितीय हे दिसतंच.

आकडा वापरताना

आकड्याने उत्तर वजनदार होतं पण तो जपून वापरा. डेन्व्हरच्या केसमध्ये विलंबाचा खर्च दिवसाला सुमारे 11 लाख डॉलर असा दिलेला असतो. ठरलेल्या आणि प्रत्यक्ष उद्घाटनात 485 दिवस गेले, म्हणजे गुणाकार साधारण 53 कोटी डॉलर, बॅगेजच्या मूळ कराराच्या अडीच पटीहून जास्त. ही तुलना नक्की लिहा, कारण त्यातून कळतं की उशिराची किंमत खुद्द सिस्टिमपेक्षा मोठी होती आणि साधी बॅकअप सिस्टिम सुरुवातीलाच ठेवणं किती स्वस्त पडलं असतं, हा रिस्क एरियाचा सगळ्यात भक्कम मुद्दा आहे. पण लगेच पुढे हेही लिहा की सगळे 485 दिवस बॅगेजच्या माथी मारता येत नाहीत, सुरुवातीच्या लांबणीला विमानतळावरची इतर अपुरी कामंही कारण होती. अशी मर्यादा सांगितली की मार्क कमी होत नाहीत, उलट वाढतात.

स्लिंगर यांच्या मृत्यूबद्दलही तसंच. 'ते गेल्यामुळे प्रोजेक्ट बुडाला' असं बऱ्याच उत्तरांत असतं आणि मला ते वाचून वाईट वाटतं, कारण ते त्या माणसावरही अन्याय करतं आणि विश्लेषण म्हणूनही कच्चं आहे. ते गेले तेव्हा निविदांचा इशारा येऊन गेलेला होता आणि करारही झालेला होता. विचारायचा प्रश्न असा की एवढ्या मोठ्या कामाचे निर्णय एका माणसावर का टेकलेले होते, आणि त्यांच्या जागी आलेल्यांना तेवढे अधिकार का नव्हते. हे रिसोर्समध्ये दोन ओळींत बसतं.

शिफारशी लिहिताना प्रत्येकीला तारीख द्या

शेवटचा भाग शिफारशींचा असतो आणि इथे परत 'कम्युनिकेशन सुधारावं' सुरू होतं. प्रत्येक शिफारस तुमच्या टाइमलाइनवर एका जागी ठेवून बघा, त्या दिवशी त्या लोकांना जे माहीत होतं त्यावर हा निर्णय शक्य होता का? 2005 मध्ये काय झालं ते आपल्याला माहीत आहे, त्यांना नव्हतं. जी शिफारस टाइमलाइनवर कुठेच बसत नाही ती काढून टाका. बसणारी अशी दिसते: '1992 मध्ये, करारावर सही करण्याआधी, शहराने बीएईला फक्त बी कॉनकोर्सचं काम द्यावं आणि इतर दोन कॉनकोर्सना साधी पट्ट्यांची सिस्टिम ठेवावी, तीन निविदांमधून मुदत अशक्य असल्याचं तोपर्यंत समोर आलेलं होतं.' अशा तीन शिफारशी पुरतात, आणि प्रत्येकीसमोर ती वरच्या कुठल्या एरियातून आली तेवढं कंसात लिहून टाका.