सोसायटीचा ताळेबंद वाचताना या चुका टाळा

वार्षिक सभेची नोटीस आणि हिशेब हातात आला की बहुतेक सभासद उत्पन्न-खर्च पत्रकातला एकूण खर्च बघतात, त्याला फ्लॅटच्या संख्येने किंवा चौरस फुटांनी भागतात आणि आपलं बिल बरोबर की चूक ते ठरवतात. पहिली चूक इथेच होते. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत प्रत्येक खर्चाची वाटणी वेगवेगळी दिली आहे. वॉचमन, सफाई, जिन्यातले दिवे, ऑफिस, ऑडिट फी हे सेवा शुल्क सगळ्या फ्लॅटना समान, लिफ्टचा खर्चही समान. पाणी नळांच्या संख्येप्रमाणे. दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड, म्हणजे पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवायचा निधी, हे मात्र फ्लॅटच्या बांधकाम खर्चावर, म्हणजे जमिनीची किंमत सोडून: दुरुस्तीला वर्षाला किमान ०.७५ टक्के, सिंकिंग फंडाला किमान ०.२५ टक्के. (तुमची इमारत सोसायटी नसून अपार्टमेंट कायद्याखालचं कंडोमिनियम असेल, तर हा हिशेब लागू होत नाही. तिथे डीडमधल्या हिश्शाप्रमाणे वाटणी होते.)

एक काल्पनिक सोसायटी घेऊ. २० फ्लॅट, त्यातले १२ लहान, बांधकाम खर्च प्रत्येकी ८ लाख. ८ मोठे, प्रत्येकी १२ लाख. वर्षाचं सेवा शुल्क ४,८०,००० आणि लिफ्ट ४८,०००. समान वाटणीने प्रत्येकाचे महिन्याला २,००० आणि २०० रुपये. लहान फ्लॅटचा दुरुस्ती निधी महिन्याला ५०० आणि सिंकिंग फंड सुमारे १६७, एकूण २,८६७. मोठ्या फ्लॅटचे ७५० आणि २५०, एकूण ३,२००. पाणी आणि मालमत्ता कर वेगळे. म्हणजे दीडपट बांधकाम खर्चाच्या फ्लॅटला बिल फक्त ३३३ रुपयांनी जास्त येतं. मोठ्या फ्लॅटला दीडपट बिल येत असेल, तर सोसायटीने सेवा शुल्कही चौरस फुटावर लावलं असण्याची शक्यता आहे, आणि ते विचारायला हवं.

दुसरी चूक जास्त महाग पडते. ताळेबंदात देणे बाजूला ‘सिंकिंग फंड ८,६४,०००’ दिसलं की लोक निर्धास्त होतात. पण ती रक्कम म्हणजे आजवर किती आकारणी झाली याची नोंद आहे. पैसे कुठे आहेत ते समोरच्या जिंदगी, म्हणजे मालमत्तेच्या बाजूला कळतं. तिथे सिंकिंग फंडाच्या नावाच्या मुदत ठेवी शोधा आणि बेरीज करा. आपल्या उदाहरणात ती ५,१०,००० निघाली. उरलेले ३,५४,००० गेले कुठे? त्याच बाजूला ‘सभासदांकडून येणे’ २,१०,००० असेल, तर तेवढे पैसे थकबाकीत अडकलेले असू शकतात. राहिलेले १,४४,००० बहुधा रोजच्या खर्चात गेले. मेंटेनन्स कमी ठेवून तूट फंडातून भरण्याची ही सवय अनेक ठिकाणी असते आणि ती ताळेबंदाच्या एकाच बाजूकडे बघून कधीच लक्षात येत नाही.

आता व्याज. सिंकिंग फंडाची वर्षाची आकारणी ४८,००० आणि इमारत १८ वर्षांची, म्हणजे ८,६४,००० ही नुसत्या आकारणीची बेरीज झाली. आकडा इतका चपखल जुळला, तर ठेवींवरचं व्याज फंडात जमा न होता उत्पन्नात धरलं गेलंय. दरवर्षी सगळी रक्कम गुंतवून सहा टक्क्यांनी व्याज फंडातच ठेवलं असतं, तर तो आज १४.८ लाखांच्या आसपास असता. उत्पन्न-खर्च पत्रकात ‘मुदत ठेवीवरील व्याज’ ही ओळ शोधा, त्यात सिंकिंग फंडाचं व्याज आहे का ते खजिनदारांना विचारा.

शेवटची चूक म्हणजे ०.२५ टक्के भरले की फंड पुरेसा, असं समजणं. हा किमान दर आहे आणि तो जुन्या बांधकाम खर्चावर मोजलेला. पुरेसा आहे का, हे येणाऱ्या कामावरून ठरतं. स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या अंदाजाने दहा वर्षांनी मोठ्या दुरुस्तीला त्या वेळच्या भावाने ४५ लाख लागणार असतील, तर हातातले ५.१ लाख सहा टक्क्यांनी तोवर ९.१ लाख होतील. उरलेल्या सुमारे ३६ लाखांसाठी त्याच व्याजदराने गुंतवत वर्षाला साधारण २.७२ लाख बाजूला टाकावे लागतील: लहान फ्लॅटला महिन्याला सुमारे ९४५ रुपये, मोठ्याला १,४१७. आजच्या १६७ आणि २५० शी ताडून बघा.

दर वाढवण्याचा अधिकार सर्वसाधारण सभेचा आहे, आणि वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. त्याआधीच मुदत ठेवींच्या पावत्या आणि थकबाकीदारांची यादी बघायला सेक्रेटरींकडे लेखी अर्ज द्या. सभासदाला सोसायटीचे हिशेब पाहण्याचा हक्क सहकारी संस्था अधिनियमातच दिलेला आहे. पावत्यांवर ठेव सोसायटीच्या नावाने आहे का, मुदत कधी संपते आणि त्यावर कर्ज उचललं आहे का, एवढं तपासा.