सपाट तळवे, दुखणारी नडगी आणि बुटांवर फोडलेलं खापर

ओला पाय फरशीवर उमटवायचा, कमान दिसली नाही की दुकानातला सगळ्यात कडक बूट उचलायचा. ही चूक बघून बघून कंटाळा आलाय. ठसा उभं असतानाचा पाय दाखवतो, धावतानाचा नाही. अमेरिकी सैन्यात तळव्याच्या आकारावरून बूट देऊन पाहिले, तरी दुखापतींत फारसा फरक पडला नाही.

त्यापेक्षा चवड्यांवर उभे राहा. कमान वर आली तर तळवा लवचीक आहे, बहुतेकांचा असतोच. आली नाही किंवा दुखलं, तर बुटांआधी डॉक्टरांना पाय दाखवा.

आमच्याबरोबर धावायला येणाऱ्या एकाने असेच कडक बूट घेतले, वर कमानीखाली टणक इनसोल घातला आणि पहिल्याच दिवसापासून रोज पाच किलोमीटर सुरू केले. तिसऱ्या आठवड्यात नडगी धरून बसला. मग दुसरे बूट आणले, दुखणं तेच! शेवटी त्याला नडगीच्या आतल्या कडेवरून बोट दाबत खाली न्यायला लावलं. दुखरी पट्टी चार बोटांहून लांब निघाली. धावायला लागलं की दुखायचं, अंग तापलं की कमी व्हायचं, घरी गेल्यावर परत सुरू. हाडावर झेपेल त्याहून जास्त भार पडत होता. सपाट तळव्यांना हा त्रास जरा जास्त होतो हे खरं, पण मूळ कारण घाई. दम काही आठवड्यांत सुधारतो, हाडाला बळकट व्हायला महिने लागतात, आणि उतावळी माणसं नेमकी इथेच फसतात.

त्याचा इनसोल काढायला लावला. चालताना दुखणं पूर्ण थांबेपर्यंत धावणं बंद. मग एक मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं, असं वीस मिनिटं, एक दिवसाआड. पावलं आखूड, जरा भरभर. रोज टाचा उचलायचा व्यायाम, आधी गुडघा सरळ ठेवून, मग वाकवून, कारण गुडघा वाकवल्यावर पोटरीच्या खालच्या स्नायूला जास्त काम पडतं. हे कंटाळवाणं आहे, म्हणून लोक करत नाहीत आणि गोळी घेऊन धावतात. गोळीने फक्त इशारा बंद होतो.

दुखणं बोटाच्या टोकाएवढ्या एकाच जागी असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल, किंवा त्या पायावर उडी मारवत नसेल, तर हाडाला बारीक तडा असू शकतो. तिथे धावणं लगेच थांबवून डॉक्टरच गाठायचे.

बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. टाचेचा भाग घट्ट, आणि वाकायचा तर बोटांपाशी, मधोमध घडी पडणारा नको. मग दुकानातच थोडं धावून बघा. कमानीखाली काही टोचत असेल तर ‘वापरून सैल होईल’ हे विक्रेत्याचं बोलणं ऐकू नका, जोडी परत ठेवा.